साचलेलं पाणी आणि सोसायटीची सभा: पावसाआधीचं पाच मिनिटांचं भाषण कसं करावं

मे महिन्यात सोसायटीच्या सभेत उभं राहून "पाणी साचू देऊ नका" असं सांगितलं, की सगळे मान डोलावतात आणि गाडी पार्किंगच्या विषयाकडे वळते. त्यात लोकांचा दोष नाही. मे महिन्यात बाहेर कुठे पाणी साचलेलंच नसतं. उलट प्यायला पुरेल का, याची चिंता असते. टँकरचं बिल भरणाऱ्या माणसाला पाणी ओतून द्यायला सांगणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. म्हणून हे भाषण पावसाच्या पाण्याबद्दल करायचं नाही, घरात भरून ठेवलेल्या पाण्याबद्दल करायचं. डेंगीच्या डासाची तयारी पावसाआधी तिथेच चाललेली असते.

पुढे जे लिहिलं आहे त्यात पुण्यातली दोन विंगांची, 36 घरांची एक सोसायटी डोळ्यांसमोर धरली आहे: महापालिकेचं पाणी, एक बोअर, उन्हाळ्यात अधूनमधून टँकर. इतर शहरांत तपशील थोडे बदलतील, डास तोच आहे.

सभा कोणती धरायची

वार्षिक सर्वसाधारण सभेची वाट पाहू नका. ती 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायची मुभा असते आणि बहुतेक सोसायट्या ती शेवटच्या पंधरवड्यातच घेतात. तोपर्यंत डेंगीचा हंगाम ऐन भरात असतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून साधी बैठक बोलवा. टँकर किंवा पाणीपट्टीचा विषय असलेली बैठक मिळाली तर उत्तमच, कारण तिला लोक येतात. सेक्रेटरींकडून विषयपत्रिकेवर पहिली पाच मिनिटं मागून घ्या. शेवटची पाच मिनिटं कोणी ऐकत नाही.

मेमध्ये चार-सहा घरं गावी गेलेली असतात. त्यांची यादी वॉचमनकडून आधीच घ्या, ती नंतर लागणार आहे.

त्या दिवशी सकाळी: टॉर्च, पांढरा मग आणि बरणी

भाषणाची तयारी कागदावर होत नाही, गच्चीवर होते. सभेच्या दिवशी सकाळी टॉर्च आणि पांढरा प्लॅस्टिकचा मग घेऊन सगळ्यांच्या वापरातल्या जागा पाहा: गच्चीवरचे जुने डबे, टाक्यांखालचा कोपरा, ताडपत्रीच्या घड्या, पार्किंगमधली टायरं, वॉचमनच्या खोलीबाहेरचं पिंप, गाड्या पुसायला भरून ठेवलेल्या बादल्या. कोणाच्या घरात जायचं नाही.

पाण्यावर आपली सावली पडू देऊ नका. सावली पडली की अळ्या तळाला जातात आणि "इथे काही नाही" असं वाटतं. बाजूने उभं राहा, मिनिटभर थांबा, अळ्या श्वास घ्यायला वर येतात. मग मग तिरका बुडवून एका झटक्यात पाणी उचला. पांढऱ्या मगात वळवळ लगेच दिसते. डोकं खाली आणि शेपटीकडची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून तिरक्या लटकल्या असतील, तर त्या डेंगीच्या किंवा साध्या घरगुती डासाच्या. पृष्ठभागाला समांतर आडव्या पडल्या असतील तर मलेरियाच्या डासाच्या. डेंगी की घरगुती हे नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही, पण स्वच्छ पाण्याच्या पिंपात सापडल्या तर डेंगीचाच संशय घ्यावा. अळ्यांबरोबर वाकडे, मोठ्या डोक्याचे, शेपूट आत वळलेले जीव दिसले तर ते कोष. त्यातून दोन दिवसांत डास उडणार, म्हणून ते पाणी तिथल्या तिथे मातीवर ओतून टाका.

अळ्यांचं थोडं पाणी काचेच्या बरणीत घ्या आणि तोंडाला सुती कापड रबराने घट्ट बांधा. आदल्या दिवशी गोळा करू नका. नाहीतर सभेत बरणीत डासच फिरताना दिसायचे.

काहीच सापडलं नाही, असंही होतं. मग कोरड्या पडलेल्या पिंपाच्या आतल्या भिंतीवर टॉर्च मारा. जिथपर्यंत पूर्वी पाणी होतं त्या रेघेच्या जरा वर, खसखशीपेक्षा बारीक काळे ठिपके चिकटलेले दिसतात का पाहा. ती अंडी. दिसली तर ते पिंपच सभेत आणून ठेवा. बरणीपेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो, कारण पिंप कोरडं असतं.

भाषण

खालचं भाषण सावकाश बोलून पाच मिनिटांत बसतं. आपल्या इमारतीत जे सापडलं तेवढंच सांगा आणि बाकीचं गाळा.

"नमस्कार मंडळी. पाच मिनिटं घेतो, टँकरचा विषय त्यानंतर आहेच. ही बरणी आधी सगळ्यांनी हातात घेऊन पाहा, कापड मात्र सोडू नका. बरणीवरून हात फिरवला की अळ्या एकदम खाली जातात. या आपल्याच इमारतीतल्या आहेत, आज सकाळी गच्चीवरच्या डब्यात मिळाल्या. डबा कोणाचा ते विचारू नका, मला माहीत नाही आणि त्याची गरजही नाही.

पाऊस अजून यायचाय, मग या अळ्या आत्ताच कुठून आल्या? आपण भरून ठेवलेल्या पाण्यातून. पुण्यात पाणी बंद ठेवायचं झालं की बहुतेक वेळा गुरुवार. बुधवारी रात्री आपण सगळे पिंपं, बादल्या, पातेली भरून ठेवतो. शुक्रवारी पाणी येतं. तेव्हा पिंपात अर्धं शिल्लक असतं, आपण वरून भरतो. असं ते पिंप उन्हाळाभर कधीच तळापर्यंत रिकामं होत नाही.

डेंगीची मादी अंडी पाण्यात टाकत नाही. पाण्याच्या रेघेच्या वर, ओलसर भिंतीला चिकटवते. आपण वरून पाणी भरलं की अंडी बुडतात आणि फुटतात. अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठ ते दहा दिवस लागतात, ऐन उन्हाळ्यात त्याहून थोडे कमी. म्हणून आठवड्यातून एकदा. पंधरा दिवसांनी केलं तर मधे एक पिढी उडून गेलेली असते.

आणि पावसाआधीच का, तर ही अंडी वाळली तरी मरत नाहीत. कित्येक महिने कोरड्या डब्याला चिकटून राहतात. जूनमध्ये पहिल्या सरीत डबा भरला की बरीचशी एकदम फुटतात. आत्ता घासलेला डबा जूनमध्ये नुसता भरेल. न घासलेला डबा आठ दिवसांनी डास देईल.

जोशीकाका म्हणतील, आमच्याकडे डास नाहीतच. काका, हा डास फार लांब जात नाही, साधारण शंभर-दोनशे मीटर, म्हणजे आपली इमारत आणि शेजारची एखादी. तुम्हाला चावणारा डास माझ्या बाल्कनीतला असू शकतो आणि माझा तुमच्या. 2024 च्या जूनमध्ये एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले, तोही याच डासाने पसरतो, आणि गरोदर बायकांच्या बाळाला त्याचा धोका असतो. आपल्या इमारतीत अशी घरं आहेत.

मी पाणी फेकायला सांगत नाही. मला एवढंच हवंय, की रविवारी सकाळी दहापर्यंत प्रत्येक घराने साठवलेलं पाणी वापरून टाकावं. लादीला, झाडांना, गाडीला, संडासात. तळाला राहिलेलं कुंडीत किंवा मातीवर ओतावं, गटारात नाही. मग पिंप आतून घासायचं, पाण्याच्या रेघेच्या वर चार बोटं जास्त जोर लावून. धुऊन उलटं घालायचं, कोरडं झालं की भरायचं. त्याबरोबर चार जागा: कूलरची टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या, मनी प्लांटची बाटली, आणि फ्रीजच्या मागचा ट्रे. एका घराला वीस मिनिटं पुरतात.

आज मला फक्त दोन गोष्टींवर होकार हवाय. एक, वार रविवार चालेल का? दोन, प्रत्येक विंगमधून दोघं जण पुढच्या रविवारी माझ्याबरोबर गच्ची आणि पार्किंगची फेरी मारायला येतील का? हात वर करा, मी नावं लिहून घेतो."

इथे थांबायचं. हात वर होईपर्यंत बोलायचं नाही. ती शांतता अवघड वाटते, पण तुम्ही बोलत राहिलात तर लोक ऐकत राहतात आणि कोणीच हात वर करत नाही.

'जोशीकाका' हे नाव उदाहरणादाखल आहे. तुमच्या सोसायटीत हे वाक्य ज्यांच्या तोंडी हमखास असतं, त्यांना आदल्या दिवशी भेटून "तुमचं नाव घेऊ का?" असं विचारा. बहुतेक जण हसून हो म्हणतात आणि सभेत तुमच्या बाजूने बोलतात. न विचारता नाव घेतलं तर उरलेला वेळ त्यातच जातो.

वार ठरवताना

रविवारी कामाच्या मावशी सुट्टीवर असतात, हा आक्षेप येणारच. खरं तर ती सोय आहे. मावशींवर सोपवलेलं पिंप बाहेरून चकचकीत होतं, आतून घासलं जातंच असं नाही, कारण का घासायचं हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. ज्या घरांत हे काम मावशीच करणार असतील, तिथे वार शनिवार ठेवा आणि बरणी त्यांनाही दाखवा. वॉचमनदादांनाही दाखवा, गाड्या धुणाऱ्यांनाही. पार्किंगमधल्या बादल्या त्यांच्याच हातात असतात.

वार एकदा ठरला की बदलायचा नाही. "सवडीने आठवड्यातून एकदा" म्हटलं की एकदा सोमवारी, पुढच्या वेळी रविवारी, असे तेरा दिवस जातात.

जे प्रश्न येतील

"महापालिका धूर करते ना?" हा पहिला. धुराने त्या वेळी उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. दुसऱ्या दिवशी नवे डास निघतात. शिवाय हा डास घरात पडद्यामागे, पलंगाखाली, कपाटाच्या अंधाऱ्या बाजूला बसतो आणि धुराची गाडी आली की आपण खिडक्या लावून घेतो. आजूबाजूला रुग्ण सापडला तर धूर हवाच, पण तो घासण्याच्या बदल्यात नाही.

"आधी नदीतली जलपर्णी काढा, मग आमच्या पिंपाकडे बघा." पुण्यात हा प्रश्न हमखास येतो आणि त्यात तथ्यही आहे. जलपर्णी आणि घाण पाण्यात बेसुमार डास होतात. पण ते प्रामुख्याने रात्री कानाशी गुणगुणणारे, मळकट रंगाचे. डेंगीचा डास काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, सकाळी आणि ऊन कलल्यावर जास्त, आणि त्याला घरातलं स्वच्छ पाणी लागतं. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. नदीची तक्रार महापालिकेकडे जाईल, पिंपाची कोणाकडेच जाणार नाही. असं उत्तर दिलं की वाद वाढत नाही.

"पिंप रिकामं करणं जमतच नाही, पाणी तीन दिवसांनी येतं." हे खरंच असेल तर हट्ट धरू नका. पिंपाच्या तोंडावर जुनं धोतर किंवा ओढणीसारखं विणीचं घट्ट कापड दोरीने आवळून बांधायचं, त्यातूनच पाणी भरायचं, आणि पाणी काढायला नळ बसवून घ्यायचा. नुसतं झाकण ठेवलं तर फटीतून मादी आत जाते. दोन पिंपं असतील तर एका आठवड्यात एक पूर्ण रिकामं करायचं, तोवर दुसरं कापडाखाली.

"गप्पी मासे सोडू का?" विहिरीत, कारंज्यात, बागेतल्या हौदात चालतात. पिण्याच्या किंवा वापरायच्या पिंपात नको.

झाडांची हौस असलेल्या काकूंशी वेगळं बोला. ताटल्या काढा म्हटलं तर खालच्या मजल्यावर पाणी गळतं आणि नवं भांडण सुरू होतं. ताटलीत काठापर्यंत वाळू भरली की पाणी मुरतं, डासाला मोकळं पाणी मिळत नाही आणि गळतही नाही. मनी प्लांटची बाटली मात्र दर आठवड्याला आतून ब्रशने घासायची आणि मुळं नळाखाली धुवायची. नुसतं पाणी बदललं तर काचेला चिकटलेली अंडी तिथेच राहतात.

ज्या जागा आठवड्याला रिकाम्या होत नाहीत

गच्चीवरच्या आणि जमिनीखालच्या टाक्या. सभेत त्यांचा उल्लेख एका वाक्यात करा, काम कमिटीचं आहे. झाकण घट्ट बसतं का, ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी आहे का, हे पाहायचं. मलेरियाच्या शहरी डासाला अशाच टाक्या आवडतात. जाळी मिळाली नाही तर नायलॉनचं कापड दुहेरी करून तारेने बांधलं तरी पावसाळा निघतो. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी झिरपतं का, हे लिफ्टवाल्याकडून पावसाआधी एकदा उघडून घ्यावं. आपण स्वतः तिथे उतरू नये.

बंद घरांचं काय, हा प्रश्न सभेत कोणी विचारत नाही, पण अडचण तिथेच असते. वापरात नसलेल्या संडासाच्या भांड्यात, फ्लशच्या टाकीत आणि न्हाणीच्या जाळीखाली पाणी तसंच उभं राहतं. गावी गेलेल्या घरांना फोन करा. किल्ली शेजारी असेल तर शेजाऱ्याने आठवड्यातून एकदा फ्लश करावा आणि न्हाणीत दोन तांबे पाणी सोडावं. अजून निघायचे असतील त्यांना सांगा, की कमोडचं झाकण लावा, न्हाणीच्या जाळीवर प्लॅस्टिक अंथरून वर वजन ठेवा, बाल्कनीतल्या बादल्या उपड्या घाला.

कूलरचा मुद्दा जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा काढावा लागतो. पाऊस लागला की कूलर बाल्कनीत सरकवला जातो, तळाला दोन बोटं पाणी तसंच असतं आणि दिवाळीपर्यंत त्याकडे कोणी बघत नाही. प्लग काढून टाकी पूर्ण रिकामी करायची, घासायची, गवताच्या ताट्या फेकायच्या, मगच कूलर झाकायचा. फ्रीजच्या मागचा ट्रे ओढतानाही आधी प्लग काढायचा.

सभेनंतर

बरणीतलं पाणी तापलेल्या फरशीवर किंवा कोरड्या मातीत ओता. बेसिनमध्ये ओतू नका.

त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर दोन ओळी टाका: वार, वेळ, चार जागा. लांब फॉरवर्ड जोडू नका. शनिवारी संध्याकाळी एक आठवण पुरेशी. पहिल्या रविवारी उत्साह असतो, तिसऱ्या रविवारी फेरीला दोघंच येतात. तोवर एखादी लहान गोष्ट सुरू केलेली असली तर काम टिकतं, आणि माझ्या मते ती गोष्ट म्हणजे अंड्यांचा मग.

एक काळा किंवा गडद रंगाचा प्लॅस्टिकचा मग घ्या. अर्धा पाण्याने भरा, आत खरखरीत कागदाची किंवा लाकडाची पट्टी अशी उभी करा की तिचा अर्धा भाग पाण्याबाहेर राहील. मग जिन्याखाली, सावलीत, जमिनीलगत ठेवा. प्रत्येक विंगला एक. रविवारच्या फेरीत पट्टी काढून उजेडात पाहा. पाण्याच्या रेघेजवळ काळे ठिपके असले तर आसपास मादी फिरते आहे. पट्टी उकळत्या पाण्यात टाका, मगही आतून घासा, नवी पट्टी लावा. हे एकही रविवार चुकता कामा नये, नाहीतर आपणच डास पाळल्यासारखं होईल. म्हणून मगावर जबाबदार माणसाचं नाव लिहून ठेवा आणि ते गावी जाणार असतील तर मग उपडा घाला.

समजा, 36 पैकी पाच घरं बंद आहेत. उरलेल्या 31 पैकी पहिल्या रविवारी 20 घरांनी पिंपं घासल्याचं कळवलं आणि दोन्ही मगांत ठिपके मिळाले. नोटीस बोर्डावर एवढंच लिहा: "20 घरं झाली. ए विंग ठिपके आहेत, बी विंग ठिपके आहेत." राहिलेल्या अकरा घरांची नावं लिहू नका. त्यांच्याकडे विंगमधल्या माणसाने जाऊन हवी तर पिंप उलटं करायला मदत करावी. ज्येष्ठांच्या घरी बहुतेक वेळा अडचण तीच असते, भरलेलं पिंप हलत नाही. पुढच्या आठवड्यात 28 घरं झाली आणि बी विंगची पट्टी कोरी निघाली, पण ए विंगची नाही, तर ए विंगच्या जवळ काहीतरी राहिलंय. शोध तेवढ्याच भागात घ्यायचा: पन्हळीत अडकलेली पानं, पत्र्यावरची ताडपत्री, कोणाच्या खिडकीच्या छज्जावर टाकलेला तुटका डबा.

सगळी घरं आणि गच्ची कोरडी झाली, तरी पट्टीवर दोन-तीन आठवडे ठिपके येतच राहिले, तर उगम कुंपणाबाहेर असण्याची शक्यता जास्त. शेजारी बांधकाम चालू असेल तर स्लॅबवर भरून ठेवलेलं पाणी आणि लिफ्टसाठी खोदलेला खड्डा हे आधी बघा. साइटच्या सुपरवायझरशी बोला, फोटो काढा, आणि क्षेत्रीय कार्यालयातल्या कीटक प्रतिबंधक विभागाकडे सोसायटीच्या लेटरहेडवर तक्रार द्या. तारीख, जागा आणि पाणी किती दिवसांपासून उभं आहे, एवढं लिहिलं तरी पुरतं. अशा जागामालकांना महापालिका नोटीस देऊन दंड करू शकते. पण तक्रार पाहायला आलेला माणूस आधी आपल्याच पार्किंगमधून जातो, तेव्हा तिथल्या बादल्या त्या दिवशी उपड्या असलेल्या बऱ्या.